अण्णांचं पत्र आणि अडीच इंच कापड

मागच्या आठवड्यात इथे जुन्या शाळांच्या आठवणी निघाल्या आणि कुणीतरी गणवेशाचा विषय काढला, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. थोडं लांब झालंय, सवडीने वाचा.

आमचे अण्णा बेळगावात शिंपी होते. शहापूरच्या एका बोळात दुकान, दोन मशीन, एक कारागीर आणि भिंतीला टेकवलेली मोठी कापायची फळी. लग्नसराईचं काम असायचं, पण वर्षाचा खरा आधार म्हणजे शाळेचे गणवेश. आमच्याच भागातल्या एका मराठी शाळेचं प्राथमिकचं काम अण्णांकडे होतं. कापड शाळेने ठरवलेल्या दुकानातून यायचं, मापं अण्णा घ्यायचे आणि मे-जून दोन महिने आमच्या घरात जेवणसुद्धा निळ्या चिंध्या बाजूला सारून व्हायचं.

हे पत्र १९८८ सालचं आहे. मी तेव्हा आठवीत होते. अण्णांचं अक्षर वाईट नव्हतं, पण 'बाईंना द्यायचंय, तू लिही' म्हणून ते सांगायचे आणि मी लिहायची. आधी कच्चं, मग पक्कं. कच्चा कागद आईच्या ट्रंकेत राहिला म्हणून आज माझ्याकडे आहे.

पत्राचं निमित्त असं झालं. डिसेंबरात वडगावच्या एक मावशी दुकानात आल्या. नवरा-बायको दोघं मागावर काम करणारे. मुलगी पहिलीत, तिचा पिनो त्यांनी हातात धरलेला. "मास्तर, एवढं जरा लांब करून द्या की. गुडघ्याच्या वर गेलंय, बाई बोलत्यात." अण्णांनी पिनो उलटा केला. आत मुडप जेमतेम एक इंच, बगलेखालच्या शिवणीला अर्धा इंच. सोडायला काहीच नव्हतं. अण्णा म्हणाले, "मावशी, ह्यात मायाच नाही." त्या म्हणाल्या, "तुम्हीच शिवलाय न्हवं?"

आपल्याकडे शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या बाई टोमणा मारत नव्हत्या, साधं विचारत होत्या. पण अण्णा त्या रात्री नीट जेवले नाहीत. दुकानातून पहिलीच्या मापाला सत्तर सेंटिमीटर कापड मोजून मिळायचं आणि त्यात ते काटकसरीने पिनो बसवायचे. 'बसला' याचंच त्यांना कौतुक होतं. तो सहा महिन्यांत आखूड होणार, हे त्यांना कापतानाच माहीत असायचं.

त्यानंतर महिनाभर त्यांनी घरात एक उद्योग केला. बाजारातून निळ्या कापडाचे दोन तुकडे आणले. एक शाळेचं चालू असलेलं, टेरिन आणि व्हिस्कोस मिसळलेलं, हाताला मऊ आणि दिसायला तकतकीत. दुसरं टेरिकॉट, म्हणजे टेरिन आणि सुती मिसळलेलं, तिरक्या विणीचं, जरा रखरखीत. दोन्ही तुकडे त्यांनी आईकडे दिले, "रोजच्या धुण्यात टाक, ब्रश मार, दगडावर आपट, काही दयामाया करू नकोस." तिसरा तुकडा टेरिकॉटचाच. त्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून त्यांनी तो माडीच्या पत्र्यावर उन्हात बांधून ठेवला. आम्हाला वाटलं, अण्णांना नाद लागला.

महिन्याने आम्ही पत्र लिहायला बसलो. ते इथे देते. शुद्धलेखन थोडं सुधारलंय, बाकी जसंच्या तसं.

"मा. मुख्याध्यापिका बाई यांस सा. न. वि. वि.

मी आपल्या शाळेचे गणवेश शिवणारा टेलर. जून येण्याच्या आधी दोन गोष्टी आपल्या कानावर घालाव्यात म्हणून हे पत्र. पटल्या तर विचार व्हावा.

पहिली गोष्ट कापडाची. सध्याचे कापड व्हिस्कोस मिसळलेले आहे. कोरडे असताना ते चांगले असते. पण व्हिस्कोसचा धागा ओला झाला की त्याची ताकद बरीच कमी होते. सुती धाग्याचे उलटे आहे, तो ओला असताना कमी पडत नाही. आपल्या गावात जून ते सप्टेंबर पावसाचे. मूल भिजून घरी येते, आई तोच कपडा रात्री घासून धुते, सकाळी तो दमटच अंगावर चढतो. म्हणजे हे कापड नेमके जेव्हा अशक्त असते तेव्हाच त्याला ओढ बसते. म्हणून बसण्याच्या जागी आधी बोंडे येतात, मग वीण विरते. सोबत दोन तुकडे जोडले आहेत. दोन्ही तीस वेळा धुतलेले आहेत. आपण स्वतः बोटाने ओढून पाहावे.

माझी विनंती अशी की पिनो आणि अर्ध्या चड्डीसाठी तिरक्या विणीचे टेरिकॉट घ्यावे. निव्वळ सुती ड्रिलही चालेल, पण पावसात ते दोन दिवस वाळत नाही आणि पुष्कळ मुलांकडे एकच जोड असतो. निव्वळ टेरिन लवकर वाळते, पण त्यात घाम जिरत नाही आणि ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटते. लहान मुलांना ते नको.

दुसरी गोष्ट वाढीची. पहिली ते चौथीचे मूल वर्षाला सुमारे सव्वादोन इंच उंच होते. त्यातली खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची वाढ सव्वा इंचाच्या आसपास. रुंदीला मूल एवढे वाढत नाही. म्हणजे बहुतेक पिनो घट्ट झाले म्हणून नव्हे, तर आखूड झाले म्हणून टाकले जातात. तेव्हा दोन वर्षांची वाढ, म्हणजे अडीच इंच, शिवतानाच आत ठेवावी असे माझे म्हणणे आहे.

ती अशी. समजा पहिलीच्या मुलीचा पिनो चोवीस इंच लांब हवा. मी खालची मुडप एक इंचाऐवजी अडीच इंच ठेवीन. त्यातून पुढे दीड इंच मिळेल. उरलेल्या एक इंचासाठी कमरेच्या जरा वर, आतल्या बाजूला, अर्ध्या इंचाचा एक टक घालीन. टक दुहेरी असतो, म्हणून अर्ध्या इंचाचा टक सोडला की एक इंच लांबी मिळते. तो पट्ट्याखाली झाकला जाईल, बाहेरून दिसणार नाही. पहिल्या वर्षानंतर हा टक सोडायचा, कारण मुलाची कंबरही खाली सरकलेली असते. त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी मुडप सोडायची. बगलेखालच्या शिवणींना अर्ध्याऐवजी एकेक इंच माया राहील.

टक मोठ्या टाक्याने, इंचाला सहा, आणि सुती दोऱ्याने घालीन. बाकीच्या शिवणी नेहमीसारख्या इंचाला दहा-बारा. टक सोडताना दोरा तुटावा, कापड फाटू नये, एवढाच त्यात हेतू. घरी कोणत्याही आईला तो ब्लेडने उसवता येईल.

कापड किती जास्त लागेल? पन्हा मोठा आहे, चुण्या पन्ह्यातच बसतात. म्हणून लागेल ती फक्त लांबी, अडीच इंच. सत्तर सेंटिमीटरऐवजी ऐंशी सेंटिमीटर मिळाले तर पुरे. मात्र कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढावे लागेल, नाहीतर वाढीसाठी ठेवलेली काही लांबी आटण्यातच जाईल. ते मी करीन, त्याचे वेगळे पैसे नकोत.

जे होणार नाही तेही सांगतो. शर्टाला अशी वाढ ठेवता येत नाही, खांदा आणि बगल वाढवता येत नाही. शर्ट मोठ्या मापाचाच घ्यावा. चड्डीची लांबी सोडता येते, कमरेच्या मागच्या शिवणीत माया ठेवता येते, पण आसन उंचीला कमी पडू लागले की इलाज नाही. म्हणून चड्डी दीड वर्ष चालेल असे समजावे, दोनचा शब्द मी देत नाही. पाचवीच्या पुढच्या मुलींनाही हे लागू करू नये. त्या वयात कोण कधी एकदम उंच होईल याचा नेम नसतो.

आता एक अडचण. कापड उन्हाने आणि धुण्याने विटते, पण मुडपेच्या आतले विटत नाही. मुडप सोडली की जुन्या कडेवर गडद रेघ दिसते. सोबतचा तिसरा तुकडा अर्धा झाकून महिनाभर उन्हात ठेवला होता, त्यावर फरक पाहावा. टेरिकॉटवर तो कमी आहे, पण आहे. माझ्या स्वतःच्या मुलीने आपल्याच शाळेत अशी रेघ घालून चौथीचे वर्ष काढले आहे..."

इथे माझं पेन थांबलं. चौथीत माझा पिनो अण्णांनी सोडून लांब केला होता आणि वर्गातल्या मुली मला 'पट्टेवाली' म्हणायच्या. मी घरी कधी बोलले नव्हते. मधल्या सुट्टीत मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची, एवढंच. अण्णांना हे कसं कळलं, मी विचारलं नाही. ते फळीकडे बघत होते, म्हणाले, "लिही पुढे."

"...म्हणून माझी अशी सूचना आहे की पहिली ते तिसरीच्या प्रत्येक पिनोला, मग तो कुणाचाही असो, खालच्या कडेपासून दीड इंचावर आकाशी फितीची एक ओळ पहिल्यापासूनच असावी. मुडप दीड इंच खाली सोडली की जुनी कड नव्या कडेपासून दीड इंचावर येईल. तेव्हा तीच फीत काढून त्या रेघेवर लावता येईल. ज्याची सोडली आणि ज्याची नाही, दोघांची फीत एकाच जागी दिसेल.

यात शाळेस खर्च नाही. पालकांचा दर दोन वर्षांत एक जोड वाचेल. शिलाई मी चालू दराने, बारा रुपयेच घेईन. टक सोडायचे काही नाही, मुडप सोडून फीत लावण्याचे दोन रुपये. कळावे."

आईला यातलं शेवटचं कळलं तेव्हा ती अण्णांना म्हणाली, "दोन वर्षांनी नवा पिनो, म्हणजे पुढच्या जूनला आपण काय शिवायचं? स्वतःच्याच पोटावर पाय." चूक नव्हती ती. लहान वर्गांची शिलाई म्हणजे आमच्या जूनच्या कमाईतला मोठा वाटा. अण्णांकडे त्यावर फार उत्तर नव्हतं. एवढंच म्हणाले, "मोठ्या वर्गांचं काम मागून बघतो." आणि तीच आई, जिने महिनाभर तुकडे आपटले होते, ते कागदात नीट गुंडाळून द्यायला बसली.

मुख्याध्यापिका बाईंनी चार दिवसांनी बोलावलं. वह्या-पिशवी धरायला म्हणून मी सोबत. बाई कडक होत्या, पण अण्णांना बसायला खुर्ची दिली. त्यांनी व्हिस्कोसचा तुकडा दोन्ही हातांनी ओढला, तो मधे विरून उघडा पडला. टेरिकॉट तसाच. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, बाजूला ठेवला. मग विचारलं, "मास्तर, फीत सगळ्यांना लावायची म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांनाही खर्च. ते का करतील?"

अण्णा म्हणाले, "बाई, ज्यांना गरज नाही त्यांनी लावली नाही, तर ज्यांना आहे त्यांची ती खूण होते. मग कुणीच लावून घेणार नाही. फीत मी घाऊक आणतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं पत्रातलं वाक्य त्यांना आठवलं असावं. म्हणाल्या, "बरं. पहिली ते तिसरी. एक वर्ष बघू."

हे सगळं पहिल्या फटक्यात जमलं नाही, हेही सांगते. पहिल्याच पावसात तक्रारी आल्या. अडीच इंचाची मुडप, त्यात चुण्या, म्हणजे खालच्या कडेला कापडाचे थर वाढले. घेर जड होऊन ताठ उभा राहायचा आणि दोरीवर टाकल्यावर बाकीचा पिनो वाळला तरी कड ओलीच. दोन दिवसांनी तिला कुबट वास. एक आई तर दुकानात येऊन अण्णांच्या नाकाशी धरून गेली. अण्णांनी चूक लगेच ओळखली. मुडपेची आतली कच्ची कड ते नेहमीच्या सवयीने पुन्हा आत दुमडून शिवत होते. अर्ध्या इंचाचा तो जादा दुमडा चुण्यांत आणखी पदर वाढवत होता. त्यांनी तो काढून टाकला. कच्ची कड नुसती ओव्हरलॉक करून आणली आणि हाताने सैल तुरपाई घातली. शिवून दिलेले पिनोसुद्धा परत मागवून दुरुस्त केले, फुकट. त्या जुलैत आम्ही सगळे रात्री तुरपाई करत होतो, मीसुद्धा. टाका फार ओढला की बाहेरून खळगी दिसते, हे मी तेव्हा शिकले.

दुसरी गडबड पालकांकडून झाली. काहींनी टक आणि मुडप दोन्ही जूनमध्येच सोडून टाकले, 'मोठा आहे तर मोठाच घालू दे' म्हणून. ती पोरं वर्षभर पोटरीपर्यंतचा पिनो घालून फिरली आणि पायात अडकून पडली. मग बाईंनी स्वतःच ठरवलं की टक कधी सोडायचा ते वर्गशिक्षिका सांगतील. वर्गात पट्टी घेऊन मुलीला गुडघ्यावर उभं करायचं. कड जमिनीपासून दोन इंचांहून वर गेली, की घरी चिठ्ठी.

वडगावच्या त्या मावशींच्या मुलीचा नवा पिनो पुढच्या जूनला, दुसरीत शिवला. तो तिने तिसरीच्या शेवटापर्यंत घातला. तिसरीच्या दिवाळीनंतर मुडप सोडायला मावशी आल्या, तेव्हा अण्णांनी पिनो उलटा करून त्यांना आतलं कापड दाखवलं. काही बोलले नाहीत. त्यांनी दोन रुपये काढले, अण्णांनी ते घेतले. घेतले नसते तर त्यांना ते आवडलं नसतं, असं अण्णा नंतर आईला म्हणाले.

आईची भीती काही अंशी खरी झाली. पुढच्या वर्षी लहान वर्गांचं काम निम्म्यावर आलं. मोठ्या वर्गांचं थोडं मिळालं, पण भरपाई पूर्ण झाली नाही. अण्णांनी एक मशीन विकलं. त्या मशीनबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण ती जागा त्यांनी बरीच वर्षं रिकामीच ठेवली होती.

ही पद्धत सहा-सात वर्षं चालली. मग बाई निवृत्त झाल्या आणि गणवेश तयार मिळू लागले, मापाचे आकडे छापलेले. तयार कपड्यात माया ठेवत नाहीत, कारण शेकड्यांनी कापायचं म्हटलं की अर्ध्या इंचाचाही हिशेब लागतो. मागच्या जूनमध्ये नातीचा नवा गणवेश आला, तेव्हा मी सवयीने उलटा करून बघितला. आत अर्ध्या इंचाची ओव्हरलॉक, बस्स. सून म्हणाली, "आई, काय शोधताय?"

आता ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी अण्णांचं एक सांगून ठेवते. तयार गणवेश घेताना एक माप मोठा घ्या आणि कमरेला पट्ट्याखाली आतून टक घालून घ्या, खाली कड आखडू नका. कडेची घडी रोज घासली जाते आणि तिथेच कापड आधी विरतं, कमरेचा टक मात्र पट्ट्याखाली सुरक्षित राहतो. टक किती घालायचा? जेवढी लांबी कमी करायची, त्याच्या निम्मा. दोरा सुती वापरा.

तुमच्या गावात, इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, असा कुणी शिंपी होता का? आतून कापड सोडून देणारा? आणि त्या गडद रेघेला तुमच्या शाळेत काय म्हणायचे, तेही लिहा. आमच्याकडचं मी सांगितलंच आहे.